डक्टमधून येणारा सिगारेटचा वास, समोरचा कुत्रा आणि आमची सुकट: भाडेकरूने शेजाऱ्याला काय लिहावं

प्रश्न: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. रात्री बाथरूममधून सिगारेटचा वास येतो, बहुतेक खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा घरचे ऑफिसला गेले की भुंकत राहतो. आणि गंमत म्हणजे आमच्याच सुकटीच्या वासाबद्दल कुणीतरी कमिटीकडे बोललंय. भांडण नको, पण गप्पही बसवत नाही. नेमकं काय लिहू आणि कुणाला?

उत्तर:

तिन्हींसाठी मेसेज लिहायचा आहे, पण सिगारेटचं आधी घेते. त्यात अंदाज चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. चुकीच्या घराकडे बोट दाखवलं की पुढे योग्य घराशी बोलणंही अवघड होतं.

बाथरूममधून वास येतो म्हणजे तो डक्टमधून येतो, इथपर्यंत तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. इमारतीच्या डक्टमध्ये एका रांगेतल्या सगळ्या बाथरूमच्या झडपा उघडतात आणि सगळ्यांचे एक्झॉस्ट पंखे त्यातच हवा सोडतात. आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ आणि घरातली उबदार हवा वर चढते, म्हणून वास साधारणपणे खालून वर जातो. थंडीच्या दिवसांत पहाटे तर जास्तच, कारण तेव्हा आतली आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक मोठा असतो. पण गच्चीवर वारा जोरात असेल तर तो डक्टच्या तोंडातून हवा खालीही ढकलतो, आणि मग पाचव्या मजल्यावरचा धूर तिसऱ्यावर येतो. पहिल्या मजल्यावरचा धूर दुसऱ्याला न लागता थेट तुमच्याकडे येणंही शक्य आहे, जर दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या झडपा बंद असतील. त्यामुळे "खाली काका राहतात, म्हणून काकाच" एवढ्यावर लिहू नका.

आधी आपल्या घरात हवा कुठून शिरते ते पाहा. यासाठी अगरबत्ती पुरते. घराच्या सगळ्या खिडक्या आणि पंखे बंद करा, अगरबत्ती पेटवून तिचं टोक फटीपासून दोन-तीन बोटं लांब धरा आणि धुराची रेघ कुठे झुकते ते बघा. रेघ घराच्या दिशेने वळली तर हवा तिथून आत येते आहे. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या, एक्झॉस्ट पंख्याची चौकट, वरच्या फ्लॅटचे पाइप जिथे छतातून उतरतात ती जागा, बेसिनखालच्या पाइपभोवतीची फट, जुन्या एसीसाठी पाडलेलं आणि तसंच राहिलेलं भोक, जमिनीतली जाळी: सगळीकडे एकदा फिरवा. मग स्वयंपाकघरातली चिमणी चालू करून तीच फेरी पुन्हा करा. पडदा आणि टॉवेल जवळ असतील तर आधी बाजूला घ्या.

ही दुसरी फेरी बहुतेकांना चकित करते. चिमणी चालू झाली की बाथरूमच्या पट्ट्यांपाशी रेघ एकदम आडवी होऊन आत ओढली जाते. चिमणी घरातली हवा जोरात बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि हॉलच्या खिडक्या बंद असतील तर सर्वांत सोपा रस्ता उरतो तो डक्टचा. म्हणजे रात्री नऊला तुम्ही भाजी फोडणीला टाकता तेव्हा तुमचीच चिमणी खालचा धूर तुमच्या बाथरूममधून ओढून घेत असते. उपाय फुकटचा आहे: चिमणी चालू असताना हॉलची किंवा स्वयंपाकघराची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवायची आणि बाथरूमचं दार लावून घ्यायचं. केवळ एवढ्यानेही वास बराच कमी होऊ शकतो, आणि शेजाऱ्याला लिहिण्याआधी हे करून पाहणं न्यायाचंही आहे.

उरलेल्या फटी बुजवता येतात, पण भाड्याचं घर असल्याने परत काढता येईल असंच काम करा. पाइपभोवती सिलिकॉन सीलंटची एक छोटी ट्यूब पुरते. एक्झॉस्ट पंख्याला बाहेरच्या बाजूने उघडझाप होणाऱ्या पट्ट्यांचं झाकण बसवता येतं. पंखा चालू झाला की ते हवेच्या दाबाने उघडतं, बंद झाला की आपोआप मिटतं. बाथरूमच्या दाराखाली रबरी पट्टी लावली की वास बेडरूमपर्यंत येत नाही. क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये जमिनीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास सुटतो. तो धुराच्या वासात मिसळला की सगळं खापर सिगारेटवर फुटतं. आठवड्यातून एकदा त्यात मगभर पाणी ओता, हा भाग वेगळा निघून जाईल.

एक गोष्ट मात्र करू नका. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडकीच्या पट्ट्या किंवा झडप अजिबात बंद करू नका. गिझर जळताना हवा खातो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि आंघोळ करणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. सिगारेटच्या वासापेक्षा ते कितीतरी भयंकर आहे. अशा बाथरूममध्ये मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून गिझर चालू असताना जोरात हवा ओढणंही टाळा, कारण त्याने जळालेला वायू परत खोलीत येऊ शकतो.

फवाऱ्याचे सुगंध आणि उदबत्त्यांनी वास झाकला जातो, धूर जात नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा बारीक गाळणीचा भाग धुरातले कण पकडतो, पण वास देणारे वायू पकडायला त्यात पुरेसा कोळसाही हवा. स्वस्त यंत्रांत तो नावापुरता असतो, त्यामुळे यंत्र आणूनही वास येतच राहिला तर ते खराब निघालं असं समजू नका.

आता नोंद. हे सगळं केल्यावरही वास येत असेल तर सात दिवस एका कागदावर तारीख, वेळ, किती वेळ टिकला आणि कुठे आला एवढंच लिहा. कुणी, का, किती निर्लज्जपणे, यातलं काहीच लिहू नका. वास आला की जिन्यात, गॅलरीत आणि बाथरूममध्ये वेगवेगळं जाऊन पाहा आणि तेही लिहा. फक्त बाथरूममध्ये येत असेल तर डक्ट. गॅलरीत जास्त असेल तर खालच्या किंवा बाजूच्या गॅलरीतला माणूस. जिन्यात असेल तर लँडिंगवर उभं राहून ओढणारा कुणीतरी, आणि तो तर तुमच्या विंगमधलाही नसेल. डक्टमध्ये मोबाइल घालून कुणाच्या बाथरूमचा व्हिडिओ घेण्याचा मोह चुकूनही होऊ देऊ नका. तक्रारदार तुम्ही असाल आणि आरोपी होऊन बसाल.

समजा नोंदीत असं दिसलं: सोमवार रात्री १०.३५ ते १०.५५, मंगळवार १०.४०, बुधवारी काही नाही, गुरुवार १०.३० आणि पहाटे ६.१०, शनिवारी ११.१५, प्रत्येक वेळी फक्त मोठ्या बाथरूममध्ये, आणि दर वेळी खालच्या एक्झॉस्ट पंख्याचा आवाज येत होता. आता लिहायला आधार आहे. पंख्याचा आवाज हा चांगला पुरावा आहे, कारण बाथरूममध्ये ओढणारा माणूस आपल्या घरात वास राहू नये म्हणून पंखा लावतो आणि तोच धूर डक्टमध्ये ढकलतो. त्याच्या दृष्टीने तो काळजीच घेत असतो. बहुतेकांना कल्पनाही नसते की हा धूर वरच्या घरात शिरतो, आणि रोज ओढणाऱ्याच्या नाकाला तो वास जाणवणंही बंद झालेलं असतं. मेसेजचा सूर या वस्तुस्थितीवर ठरवायचा.

काय मागायचं याची मर्यादा नीट समजून घ्या. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालणारा २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले त्याचे नियम स्वतःच्या घरातल्या माणसाला लागू होत नाहीत. काका त्यांच्या घरात सिगारेट ओढू शकतात. त्यामुळे "ओढू नका" ही मागणी करून तुम्हाला काही मिळणार नाही. "बाथरूममध्ये पंखा लावून ओढू नका, गॅलरीत ओढा" ही मागणी मात्र रास्त आहे आणि पाळायलाही सोपी आहे. उघड्या हवेत धूर पातळ होतो, बंद डक्टमध्ये होत नाही. गॅलरीतलाही थोडा वर येईल, पण तिथे तुम्ही दार लावून घेऊ शकता. जिना, लिफ्ट आणि लॉबी हा सामाइक भाग आहे, तिथे ओढणाऱ्याबद्दल सोसायटीकडे सरळ बोलता येतं.

दुसऱ्याचा धूर किती घेतला तर चालतो अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं खरं आहे. तरी पहिल्या मेसेजमध्ये ते लिहू नका. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर एका वाक्यात सांगा, माहिती म्हणून.

मेसेज असा लिहिता येईल:

"नमस्कार काका,
मी ३०४ मधून लिहिते आहे. आपली अजून नीट ओळख झालेली नाही, म्हणून आधी लिहून पाठवते आहे. गेला आठवडाभर बहुतेक दिवस रात्री साडेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान आणि एकदा पहाटे सहाला आमच्या मोठ्या बाथरूममध्ये डक्टमधून सिगारेटचा धूर येतो. त्याला लागूनच माझ्या मुलाची झोपायची खोली आहे आणि त्याला खोकला होतो. तुमचं बाथरूम त्याच डक्टवर आमच्या खाली आहे म्हणून तुम्हाला विचारते आहे. धूर वेगळ्याच मजल्यावरून येत असण्याचीही शक्यता आहे, तसं असेल तर कृपया राग मानू नका.
आम्ही आमच्याकडच्या फटी बुजवल्या आहेत आणि पंख्याला झाकण बसवलं आहे. फरक पडला, पण पूर्ण थांबलं नाही. तुमच्याकडून असेल तर एकच विनंती: बाथरूमऐवजी गॅलरीत किंवा हॉलच्या खिडकीपाशी ओढाल का? तिथे काही अडचण असेल तर सांगा, दुसरं काहीतरी मिळून ठरवू.
आमच्याकडूनही काही त्रास होत असेल, आवाजाचा किंवा स्वयंपाकाच्या वासाचा, तर मला सरळ सांगा. रविवारी सकाळी मी घरीच असते, फोन केलात तरी चालेल.
३०४ मधली, (नाव आणि नंबर)"

यातलं प्रत्येक वाक्य एक काम करतं, म्हणून कापताना विचार करा. पहिल्या भागात वेळ आणि जागा आहे, "नेहमी" आणि "रोज" नाही, कारण एक दिवस जरी तसं झालं नसेल तर समोरचा त्याच दिवसावर बोट ठेवतो. "वेगळ्याच मजल्यावरून येत असण्याची शक्यता आहे" हे काकांना सन्मानाने बाजूला सरकायला जागा देतं, आणि मनापासून लिहिलेलं असेल तर ते खरंही आहे. आपण काय केलं हे मागणीच्या आधी येतं. मागणी एकच आहे, पाळता येण्याजोगी आहे आणि प्रश्नार्थक आहे. शेवटी उलटी तक्रार मागितली आहे. ती दिखाऊ नको. तुमच्याबाबतीत ती खरोखरच हवी आहे, कारण सुकटीबद्दल बोलणारं घर तेही असू शकतं.

जे लिहायचं नाही तेही सांगते. "आम्ही सगळे त्रस्त आहोत" म्हटलं की काकांना वाटतं पाठीमागे चर्चा झाली, आणि ते तुमच्याशी बोलायचं सोडून तुम्हाला कोणकोण सामील आहे ते शोधू लागतात. "लहान मुलाच्या जीवाशी खेळू नका", "कायदेशीर कारवाई", "मालकांना कळवावं लागेल" यांपैकी काहीही पहिल्या मेसेजमध्ये आलं तर पुढची पायरीच उरत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक ओळही टाकू नका. ग्रुपवर माणूस उत्तर देत नाही, बाजू मांडतो. थेट व्यक्तिगत मेसेज पाठवा, नाहीतर चिठ्ठी पाकिटात घालून हातात द्या; दारावर चिकटवलेली चिठ्ठी आख्खा मजला वाचतो. आणि वास येत असताना, रात्री अकराला पाठवू नका. सकाळी लिहा, पुन्हा वाचा, मग पाठवा.

खरंच कुठलं घर ते कळलं नसेल तर एका माणसाचं नाव न घेता त्या डक्टवरच्या सगळ्या फ्लॅट्सना, म्हणजे १०४ ते ५०४ पर्यंत, तोच मजकूर द्या. "तुमचं बाथरूम" ऐवजी "या डक्टवरचं एखादं बाथरूम" लिहा, बाकी तसंच ठेवा.

आता तुमची सुकट. इथे तुम्ही दुसऱ्या टोकाला आहात, आणि माझं मत स्पष्ट आहे: घरात काय शिजतं हा सोसायटीचा विषय नाही. मासे, मटण, हिंग, लसूण, कशाच्याही वासावरून घरात काय खावं ते ठरवायचा अधिकार शेजाऱ्याला नाही, आणि वासाच्या आडून खाण्यावर बोलणारा माणूस आपल्या शहरांत काही नवीन नाही. त्यामुळे काय शिजवलं याबद्दल माफी मागू नका. पण वास कुठे सोडला जातो, कचरा कुठे ठेवला जातो, हा शेजाऱ्याचा रास्त विषय आहे. ही सीमारेषा उत्तरात उघड दिसली पाहिजे. एवढं मात्र आधी पाहा की तुमच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारात शाकाहारी राहण्याची अट तुम्ही सही करून मान्य केलेली नाही ना. असेल तर प्रश्न मालकाशी आहे, आणि तो वेगळा बोलावा लागेल.

सुकट भाजताना वास का पसरतो ते बघा. कोरड्या तव्यावर तापलेल्या सुकटीतून तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात, तेच पडद्याला, भिंतीला आणि शेजाऱ्याच्या खिडकीला चिकटतात. चिमणीच्या धातूच्या गाळण्या मोठे थेंब पकडतात, पण त्या तेलाने भरलेल्या असतील तर तेही नाही. दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात खायचा सोडा आणि भांड्यांचं साबण घालून तासभर भिजवून धुवा. चिमणी भाजायला घेण्याच्या पाचएक मिनिटं आधी सुरू करा, म्हणजे हवेचा ओघ आधीच बसतो, आणि तवा उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. त्या वेळेत मुख्य दार उघडू नका. जिन्यात सुटलेला वास लिफ्टबरोबर वरखाली फिरतो आणि तक्रार बहुधा त्याचीच असते. तुमची चिमणी पाइपशिवायची, कोळशाच्या गाळणीची असेल तर ती गाळणी धुता येत नाही. काही महिन्यांनी ती भरते आणि मग चिमणी फक्त आवाज करते. पाइप असेल तर तो कुठे उघडतो ते बाहेर जाऊन पाहा. तो डक्टमध्ये सोडला असेल तर सिगारेटबद्दल तुम्ही काकांना जे लिहिलं तेच तुमच्याही बाबतीत लागू होतं, आणि पाइप बाहेरच्या भिंतीकडे वळवण्याबद्दल मालकाशी बोलावं.

कचऱ्याचं एकच सांगते. माशाची डोकी, खवले आणि कोलंबीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधा आणि सकाळी घंटागाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. रात्रभर दाराबाहेर ठेवलेला डबा हे शेजाऱ्यांच्या तक्रारीचं सर्वांत खरं कारण असतं, शिजवण्यापेक्षा कितीतरी जास्त.

कमिटीला उत्तर असं पुरेल: "नमस्कार, आमच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल तक्रार आल्याचं कळलं. चिमणीच्या गाळण्या धुतल्या आहेत, ओला कचरा आम्ही रात्री बाहेर ठेवत नाही आणि स्वयंपाक करताना मुख्य दार बंद ठेवतो. आमच्या घरी मासे शिजतात आणि पुढेही शिजतील. तक्रार करणाऱ्यांना वास नेमका कुठे आणि कोणत्या वेळी येतो ते कळलं, तर आम्ही चिमणीचा पाइप तपासून घेऊ. त्यांनी थेट आमच्याशी बोललेलं आम्हाला आवडेल." हे नम्र आहे आणि त्यात मागे हटणंही नाही.

कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की मालकाला भुंकणं ऐकूच आलेलं नाही. तो घरी असतो तेव्हा कुत्रा शांत असतो. म्हणून "तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो" या वाक्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया असते की हे लोक खोटं बोलतात. चार-पाच दिवस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा आणि आपल्या घरात उभं राहून मिनिट-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. मालक गेल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत सुरू होऊन लांबवर रडल्यासारखं चालत असेल तर कुत्रा एकटेपणाने घाबरलेला आहे. लिफ्टचं दार वाजलं की आठ-दहा वेळा भुंकून गप्प होत असेल तर तो राखण करतो आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नोंदीत हा फरक द्या.

मेसेज: "नमस्कार ताई, तुम्ही घरी नसताना होतं म्हणून तुम्हाला कळलं नसेल, पण सोमवार ते गुरुवार तुम्ही निघाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी सुरू होऊन तो दुपारी एकपर्यंत अधूनमधून रडल्यासारखा भुंकतो. मी घरून काम करते, त्यामुळे मीटिंगमध्ये अडचण येते, आणि तो खूप बेचैन वाटतो. एक छोटं रेकॉर्डिंग पाठवते आहे. काय करता येईल ते तुम्हाला जास्त कळेल. दुपारी एकदा त्याला कुणी फिरवून आणलं तर फरक पडेल का? दोन आठवड्यांनी कसं चाललंय ते मी कळवेन."

त्यांनी काय करावं असं विचारलं तर सांगण्यासारखं बरंच आहे. निघण्याआधी अर्धा तास चांगलं फिरवणं, गॅलरीत कोंडून न ठेवणं, खाणं भरलेलं चघळायचं खेळणं देणं, आणि पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू एकटं राहायची सवय लावणं. राखण करणाऱ्या कुत्र्यासाठी त्याला मुख्य दारापासून लांबच्या खोलीत ठेवून पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तरी भुंकणं कमी होतं. तोंडाला जाळी बांधून दिवसभर ठेवणं हा उपाय नाही. उन्हाळ्यात धापा टाकता न आल्याने कुत्रा जिवाला मुकू शकतो. यांतलं काही त्यांनी विचारल्याशिवाय लिहू नका, फिरवण्याचा एक प्रश्न पुरेसा आहे.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भुंकतो या कारणासाठीही नाही. म्हणून "कुत्रा काढा" ही मागणी सुरुवातीलाच फसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण मोबाइलवरच्या अॅपचा आकडा मेसेजमध्ये लिहू नका. ते मोजमाप कुणी मान्य करत नाही आणि संवादाचा सूर मात्र खटल्यासारखा होतो.

उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबून दुसरा, अगदी छोटा मेसेज पाठवा: पहिल्याची तारीख, तेव्हापासून किती वेळा झालं, आणि भेटायची एक वेळ. त्यालाही काही नसेल तर तुमच्या मालकाला लिहा, कारण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारे तुम्ही सोसायटीचे सभासद नसता, सभासद ते असतात. त्यांनी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला की तो कमिटीच्या बैठकीत येतो. अर्जासोबत नोंदीचा कागद आणि तुमचे दोन्ही मेसेज जोडा. शेजारीही भाडेकरू असतील तर त्यांच्या मालकाला थेट गाठू नका. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाचं घर तुमच्या एका फोनने जाऊ शकतं, आणि डक्टमधल्या धुरासाठी ही किंमत फार मोठी आहे. ते काम कमिटीला करू द्या.

घर बदलायची वेळ आलीच तर आधी करारातला लॉक-इन काळ आणि नोटिशीचा महिना पाहा. लॉक-इन संपायच्या आत निघालात तर धुराची कितीही नोंद असली तरी उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाऊ शकतं. मालकाशी आधी बोलून, तो लॉक-इन सोडायला तयार आहे हे मेसेजवर लिहून घ्या आणि मगच नोटीस द्या. नवं घर बघायला रात्री साडेनऊ-दहाला जा, बाथरूमचं दार उघडून दोन मिनिटं उभे राहा, आणि जवळ अगरबत्ती असू द्या.